अ‍ॅरेनियसचा तक्ता: सोल्युशन्स आणि इलेक्ट्रोकेमिस्ट्री जिथे एकत्र येतात

परळहून माझ्याकडे शिकायला येणारी एक मुलगी आहे. बारावी झाली, नीटसाठी तिने वर्षाचा ड्रॉप घेतलाय. बायोलॉजी तोंडपाठ, ऑरगॅनिक व्यवस्थित, पण फिजिकल केमिस्ट्रीचं गणित आलं की पेन्सिल बाजूला ठेवते. बोर्डाच्या परीक्षेत लॉग टेबल हाताशी होतं, नीटच्या हॉलमध्ये ते नाही आणि कॅल्क्युलेटरही नाही, ही तिची मुख्य धास्ती. मागच्या आठवड्यात तिने मला विचारलं, "मॅडम, सोल्युशन्समध्ये i काढायचा आणि इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत α काढायचा, मग मध्येच एखाद्या प्रश्नात दोन्ही एकत्र का येतात?"

प्रश्न अगदी बरोबर होता. पुस्तकात हे दोन धडे वेगवेगळे छापले आहेत, पण ते जन्मले एकाच कोड्यातून. ते कोडं कळलं की निम्मी सूत्रं पाठ करावीच लागत नाहीत.

फ्रान्समध्ये ग्रेनोब्लला राउल्ट नावाचे प्राध्यापक होते. पाण्यात एखादा पदार्थ विरघळला की पाण्याचा गोठणबिंदू किती खाली उतरतो, हे ते वर्षानुवर्षं मोजत राहिले. 1882 पर्यंत त्यांच्या लक्षात आलं की साखर, ग्लिसरॉल, युरिया यांसारखा कोणताही सेंद्रिय पदार्थ घेतला, तरी एक किलो पाण्यात एक मोल विरघळला की उतार जवळपास सारखाच, सुमारे 1.86 अंश. कण कोणता हे पाणी बघत नाही, किती कण हे बघतं. फक्त मिठासारखे क्षार या नियमात बसेनात. त्यांचा उतार जवळपास दुप्पट येई. बेंझिनमध्ये उलटी गंमत होती: तिथे अ‍ॅसेटिक आम्लाचा उतार अपेक्षेच्या निम्मा भरे. याचं कारण पुढे कळलं. तिथे दोन-दोन रेणू जोडीने राहतात.

त्याच काळात अ‍ॅमस्टरडॅममध्ये व्हान्ट हॉफ दुसऱ्या बाजूने तिथेच येऊन पोहोचले. पेफर या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1877 मध्ये साखरेच्या द्रावणांचा परासरणदाब मोजून ठेवला होता. एक टक्का साखरेला 53.5 सेंटिमीटर पारा, असे त्याचे आकडे. व्हान्ट हॉफना दिसलं की हा दाब वायूच्या नियमानेच निघतो. आपणही काढून बघू. लिटरमध्ये 10 ग्रॅम साखर म्हणजे 10 भागिले 342, म्हणजे 0.029 मोल. तापमान चौदा अंशांच्या आसपास, म्हणून RT होतो 0.082 गुणिले 287, म्हणजे साधारण 23.5. गुणाकार 0.69 अ‍ॅटमॉस्फिअर, म्हणजे 52 सेंटिमीटर पारा. पेफरने मातीच्या भांड्यात मोजलेल्या आकड्याच्या इतक्या जवळ! पण क्षारांचा दाब इथेही जास्तच निघे. व्हान्ट हॉफनी प्रामाणिकपणे सूत्रात एक i लावून दिला. तो का लागतो, याचं उत्तर त्यांच्याकडे तेव्हा नव्हतं. आजही विद्यार्थी i ला एक कोरडं अक्षर समजतात. मुळात ते एका मोठ्या माणसाने मोकळं ठेवलेलं प्रश्नचिन्ह आहे.

उत्तर आलं विजेच्या बाजूने. जर्मनीत कोलराउश द्रावणांची वाहकता मोजत होते. साध्या एकदिश प्रवाहाने इलेक्ट्रोडवर वायू साचतो आणि मोजमाप बिघडतं, म्हणून त्यांनी प्रत्यावर्ती प्रवाह वापरला. 1876 पर्यंत त्यांनी दाखवलं की पुरेशा विरळ द्रावणात प्रत्येक आयन आपापला वाटा स्वतंत्रपणे देतो. स्वीडनचा तरुण स्वान्ते अ‍ॅरेनियस याच वाहकतेवर काम करत होता. 1884 मध्ये उप्साला विद्यापीठात त्याने प्रबंध दिला, तर परीक्षकांनी अगदी खालची श्रेणी दिली. ओस्टवाल्ड यांना मात्र त्यात काय दडलंय ते दिसलं आणि ते रिगाहून त्याला भेटायला गेले. 1887 मध्ये अ‍ॅरेनियसने स्पष्ट मांडलं: क्षार पाण्यात पडल्याबरोबर आयनांत फुटतात, वीज लावायची वाटही बघत नाहीत. कोणत्या प्रमाणात फुटले ते वाहकता सांगते. तोच α. आणि फुटल्यामुळे कण वाढतात, म्हणून गोठणबिंदू जास्त उतरतो. तोच i. एक रेणू n आयनांत फुटत असेल, तर

```
i = 1 + (n − 1)α
```

1887 च्या त्या लेखात त्याने एक तक्ता दिला, आणि तो मला फार आवडतो. एका रकान्यात राउल्टच्या पद्धतीने, गोठणबिंदूवरून काढलेला i, शेजारच्या रकान्यात वाहकतेवरून काढलेला i. साखर 1.00 आणि 1.00. हायड्रोक्लोरिक आम्ल 1.98 आणि 1.90. अ‍ॅसेटिक आम्ल 1.03 आणि 1.01. एकीकडे बर्फ आणि थर्मामीटर, दुसरीकडे तारा आणि इलेक्ट्रोड, आणि आकडे एकमेकांच्या शेजारी येऊन बसतात. दोन धड्यांची सांधणी इथे झाली.

आता हेच एका गणितात पाहू. अ‍ॅसेटिक आम्लाचं 0.01 मोलर द्रावण, 25 अंशांना वाहकता 1.62×10⁻⁴ S cm⁻¹. Λ° दिलंय 390.5 S cm² mol⁻¹. Ka काढा.

माझ्या विद्यार्थिनीने 1.62×10⁻⁴ ला सरळ 0.01 ने भागलं. आलं 1.62×10⁻². त्यावरून α सुमारे 4×10⁻⁵ आणि Ka सुमारे 1.7×10⁻¹¹. आकडेमोड स्वच्छ, एकही गुणाकार चुकलेला नाही. मी तिला एवढंच विचारलं, की मग या आम्लात हायड्रोजन आयन किती? c गुणिले α म्हणजे 4×10⁻⁷. म्हणजे pH जवळपास 6.4, साध्या पाण्याच्या आसपास. व्हिनेगर आंबट लागतं, ते असं असेल का? ती एकदम थांबली. बऱ्याचदा भीती गणिताची असते आणि चूक एककाची.

चूक 1000 ची होती, त्याने गुणायचं तिच्याकडून राहिलं होतं. तो सूत्रात आयता चिकटवलेला नाही. मोलर वाहकता म्हणजे एक मोल आम्ल ज्या आकारमानात पसरलंय, ते सगळं एक सेंटिमीटर अंतरावरच्या दोन इलेक्ट्रोडमध्ये धरलं तर मिळणारी वाहकता. लिटरला 0.01 मोल, म्हणजे एक मोल मावायला 100 लिटर लागतात. चाळीत पाणी भरून ठेवायचं दोनशे लिटरचं निळं पिंप असतं, त्याचं अर्धं. 100 लिटर म्हणजे 1,00,000 घन सेंटिमीटर. त्याला 1.62×10⁻⁴ ने गुणलं की 16.2. पिंप डोळ्यांसमोर ठेवलं तर 1000 विसरता येत नाही. मात्र वाहकता S m⁻¹ मध्ये दिली असेल तर आधी ती 100 ने भागून सेंटिमीटरवर आणावी, मग हीच वाट धरावी. मी मुलांना दुसरं सूत्र पाठ करू देत नाही. घाईत दोन सूत्रांची अदलाबदल होते.

आता α म्हणजे मोलर वाहकता भागिले Λ°, म्हणून पुढचा भागाकार 16.2 भागिले 390.5. इथे तिचा हात लॉग टेबलकडे जात होता. गरज नाही. 16 भागिले 400 म्हणजे 0.04. आपण वरचा आकडा कमी केला आणि खालचा वाढवला, म्हणून खरा α 0.04 पेक्षा किंचित मोठाच असणार, हे लक्षात ठेवायचं. ओस्टवाल्ड यांनी 1888 मध्ये दिलेल्या विरलन नियमाने Ka = cα²/(1 − α). आत्तापुरता खालचा भाग एक धरला तर 0.01 गुणिले 0.0016, म्हणजे 1.6×10⁻⁵. खाली एकाऐवजी 0.96 आहे, म्हणून उत्तर आणखी थोडं वर जाणार. पर्यायांत 1.8×10⁻⁵ असेल तर तेच. नेमकं केलं तर α येतो 0.0415 आणि Ka 1.8×10⁻⁵. किती चुकतोय यापेक्षा कोणत्या बाजूला चुकतोय हे माहीत असलं की पर्याय निवडता येतो.

आता याच द्रावणाचा गोठणबिंदू विचारला, तर i = 1 + 0.04 = 1.04. उतार 1.04 गुणिले 1.86 गुणिले 0.01, म्हणजे 0.0193 अंश. (इथे मोलॅरिटी आणि मोलॅलिटी सारखी धरली. इतक्या विरळ द्रावणात चालतं.) पुष्कळ मुलं आम्ल दिसलं की i = 2 लिहितात आणि 0.037 निवडतात. दुर्बल आम्लात शंभरातले चारच रेणू फुटलेत, दुप्पट कण कुठून येणार?

अ‍ॅरेनियसच्या तक्त्यात अ‍ॅसेटिक आम्लापुढे 1.03 आणि 1.01 असा फरक का पडला, हेही इथे कळतं. आपल्या द्रावणात फुटलेल्या चार टक्के रेणूंमुळे गोठणबिंदू अंशाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी सरकतो. थर्मामीटरला ते पकडणं कठीण. वाहकतेला मात्र न फुटलेल्या रेणूंचा काहीच वाटा नसतो, म्हणून तिला हे चार टक्केच दिसतात. दुर्बल आम्लांसाठी आजही α वाहकतेवरून काढतात तो याच कारणाने.

तक्त्यात एक ओळ मात्र बसली नाही, आणि अ‍ॅरेनियसने ती लपवली नाही. मॅग्नेशियम सल्फेट: गोठणबिंदूवरून 1.04, वाहकतेवरून 1.40. दोन्हीकडे दुहेरी भाराचे आयन, ते एकमेकांना घट्ट ओढतात, प्रत्येक आयन मोकळा वागत नाही. प्रबल क्षार जवळपास पूर्ण फुटतात आणि आयनांच्या परस्पर ओढीमुळे वाहकता कमी भासते, हा हिशेब 1923 मध्ये डेबाय आणि हुकेल यांनी मांडला. म्हणून ओस्टवाल्डचा नियम फक्त दुर्बल आम्ल-आम्लारींना लावायचा. प्रश्नात NaCl किंवा K₂SO₄ असेल आणि α दिलेला नसेल, तर पूर्ण फुटला असं धरून i अनुक्रमे 2 आणि 3.

परळच्या त्या मुलीने नंतर बेंझिनमधलं बेंझॉइक आम्लाचं गणित माझ्यासमोर सोडवलं आणि i आला 1.6. तिने स्वतःच पेन्सिल उलटी केली आणि ते खोडलं. दोन-दोन रेणू जोडीने राहत असतील तर कण कमी होणार, i अर्धा ते एक यांच्यामध्येच हवा, असं पुटपुटत. तिने 1 + α च्या जागी 1 − α/2 लिहिलं आणि पुढच्या प्रश्नावर गेली.