`.*` टॅगच्या पलीकडे का जाते: पार्श्वभूमी

एचटीएमएलच्या एका ओळीत `<b>` च्या दोन जोड्या असल्या की `<b>.*</b>` हा रेग्युलर एक्सप्रेशनचा पॅटर्न पहिल्या `<b>` पासून शेवटच्या `</b>` पर्यंत सगळे उचलतो. याला बग म्हणणारे बरेच भेटतात. प्रत्यक्षात हा ठरवून केलेला नियम आहे, आणि तो रुळला तेव्हा एचटीएमएल अस्तित्वातच नव्हते.

रेग्युलर एक्सप्रेशनच्या १९५० च्या दशकातल्या मूळ गणितात प्रश्न एवढाच होता की अक्षरांची एखादी माळ पॅटर्नमध्ये बसते की नाही. जुळणी कुठे संपते हा प्रश्न एडिटरांनी आणला, कारण तुकडा बदलायचा तर त्याचे टोक माहीत हवे. युनिक्सचा जुना एडिटर `ed` आणि त्यातून निघालेले शोधसाधन `grep` यांनी सोपे उत्तर धरले: सर्वांत डावीकडे सुरू होणारी जुळणी, आणि तिथून सुरू होणाऱ्यांपैकी सर्वांत लांब. `[a-z]*` ने शब्द पकडताना अर्धा शब्द कोणाला हवा असतो? शिवाय ही साधने ओळीओळीने चालत, त्यामुळे `.*` कितीही हावरे असले तरी ओळ संपली की थांबे. युनिक्स साधनांसाठीच्या १९९२ च्या पॉझिक्स मानकात हाच नियम लेखी आला. पुढे जागा वाचवण्यासाठी अख्खे पान एका ओळीत कोंबायची पद्धत आली आणि ओळीचे कुंपण गेले.

खात्री करायची तर चाचणीच्या ओळीत किमान दोन जोड्या हव्यात. एकच जोडी असली की बरोबर आणि चुकीचा पॅटर्न सारखेच उत्तर देतात.

```
echo '<b>आंबा</b> आणि <b>फणस</b>' > t
grep -o '<b>.*</b>' t
```

`-o` प्रत्येक जुळणी वेगळ्या ओळीवर छापतो. अपेक्षा दोन ओळींची, पण येते एकच, मधल्या ‘आणि’सकट. `-o` विसरलात तर काहीच कळणार नाही, कारण नुसता `grep` दोन्ही परिस्थितींत पूर्ण ओळच दाखवतो. `-c` सुद्धा फसवतो. तो जुळण्या मोजत नाही, ओळी मोजतो. मागे फिरत शोधणाऱ्या इंजिनात `.*` आधी ओळीच्या टोकाला जाते आणि मग एकेक अक्षर मागे येते. इथे `</b>` ची चार अक्षरे मागे आले की काम झाले, म्हणून पहिल्या `</b>` कडे ते फिरकतही नाही.

खरा गुंता उपायाचा आहे. १९९४ मध्ये पर्ल ५ ने `*?` आणले: शक्य तितके कमी घ्या. पर्लमध्ये `*` नंतरचे `?` तोवर चूक धरले जाई, म्हणून ती जागा मोकळी होती. `grep -E` च्या घराण्यात मात्र त्याला आधीच अर्थ होता: ‘हा भाग असला तर असला’. म्हणून जीएनयू `grep` मध्ये हे दोन आदेश वेगळे बोलतात:

```
grep -oE '<b>.*?</b>' t
grep -oP '<b>.*?</b>' t
```

पहिला कसलीही तक्रार न करता तीच एक लांबलचक जुळणी देतो. दुसऱ्यात `-P` मुळे पर्लचे नियम लागतात, म्हणून तो दोन देतो. माझ्या मते चूक संदेश आला असता तर बरे झाले असते. पॉझिक्सने `*?` विस्तारित पॅटर्नमध्ये घेतले ते थेट २०२४ च्या आवृत्तीत, म्हणजे पर्लनंतर तीस वर्षांनी.

आणि `*?` म्हणजे ‘सर्वांत लहान जुळणी’ ही समजूतही अर्धीच खरी आहे. सुरुवात आधी ठरते, आखडता हात फक्त शेवटापुरता.

```
echo '<b>आंबा</b> <b><i>फणस</i></b>' |
  grep -oP '<b>.*?</i>'
```

हवे होते `<b><i>फणस</i>`, मिळते `<b>आंबा</b> <b><i>फणस</i>`. डावीकडचे पहिले `<b>` पकडले गेले, तिथून `</i>` पर्यंत पोहोचता आले, विषय संपला. म्हणजे `?` लावूनही जास्तीचे गिळले जातेच, फक्त डाव्या बाजूने.

`*?` च्या कितीतरी आधीपासून `ed` वापरणारे नकारात्मक कंस वापरत: `.` च्या जागी `[^<]`.

```
grep -o '<b>[^<]*</b>' t
```

हे `-o` असलेल्या कुठल्याही `grep` मध्ये दोन जुळण्या देते, आणि हावरेपणाला इथे वावच नाही, कारण पुढच्या `<` पलीकडे जाताच येत नाही. मर्यादा उघड आहे: `<b><i>फणस</i></b>` सारखा आत टॅग असला की जुळणीच होत नाही. टॅग काढून टाकायला वापरतात तो `<[^>]*>` तर `<a title="5 > 3">` मध्ये अवतरणातल्या `>` वरच थांबतो, आणि तसे `>` लिहिणे एचटीएमएलला मान्य आहे. तिथून पुढे पार्सर लागतो.