भाजणी 'सेंद्रिय' कधी म्हणायची?

इंदूरच्या रामबागेत घरून भाजणी विकणाऱ्या एक काकू आहेत असं समजू. तांदूळ, ज्वारी आणि डाळी त्या प्रमाणपत्र असलेल्या सेंद्रिय शेतकऱ्याकडून आणतात, धने-जिरे मात्र नेहमीच्या किराण्यातून. किलोभर भाजणीत धान्य-डाळी ९३० ग्रॅम, धने ५० आणि जिरे २०. ऑनलाइन माल टाकताना 'सेंद्रिय भाजणी' लिहायचा मोह होणारच. पण अनेक जिन्नसांच्या पदार्थाला हे नाव लावायचं, तर पाणी-मीठ सोडून किमान ९५ टक्के जिन्नस प्रमाणित सेंद्रिय हवेत. काकूंचे भरतात ९३. धनेही तसेच मिळाले, तर ९८.

मग प्रयोगशाळेतून तपासून घेतलं तर? बहुतेकांना हाच पुरावा वाटतो, आणि इथेच गफलत होते. कीटकनाशकांच्या तपासणीत अंश सापडला नाही, म्हणजे त्या नमुन्यात तो यंत्राला सापडेल इतका नव्हता, एवढंच. शेतात युरिया पडला होता का, हे त्यातून कळत नाही. ज्वारीच्या दाण्यातला नायट्रोजन युरियातून आला काय नि शेणखतातून आला काय, प्रथिनं तीच बनतात.

नायट्रोजनच्या हलक्या-जड अणूंचं प्रमाण मोजून थोडा अंदाज येतो. युरिया हवेतल्या नायट्रोजनपासून बनतो, म्हणून त्यातलं प्रमाण हवेसारखंच असतं. शेणखतातून अमोनिया उडताना हलके अणू जास्त जातात, जड मागे उरतात. पण हरभरा आणि उडीद आपल्या मुळांवरच्या गाठींतून थेट हवेतलाच नायट्रोजन घेतात. युरिया न घालताही त्यांचं प्रमाण हवेसारखं येतं. म्हणजे भाजणीतल्या डाळींपाशीच ही युक्ती अडते.

म्हणून 'सेंद्रिय' हा शब्द दाण्यावर नाही, नोंदींवर टिकतो. हंगामी पिकासाठी पेरणीआधी साधारण दोन वर्षं जमीन रसायनांविना ठेवावी लागते. मग शेताची पाहणी होते आणि खरेदी-विक्रीचे कागद तपासले जातात. ही साखळी गिरणीतही चालू राहायला हवी. आधीच्या गिऱ्हाइकाचा साधा गहू जात्यात अडकलेला असतो, तो काकूंच्या पहिल्या ओंजळीत उतरतो. दळण आणि पॅकिंगही प्रमाणित नसेल, तर ९८ टक्के भरूनही पाकिटावर सेंद्रिय अन्नाचं सरकारी चिन्ह लावता येत नाही. लहान उत्पादकांना थेट विक्रीत प्रमाणपत्रातून मिळणारी सवलत शेतकऱ्यासाठी आहे, दुसऱ्याचं धान्य दळून विकणाऱ्यासाठी नाही.

'नैसर्गिक भाजणी' ही पळवाटही चालत नाही. खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांबद्दलच्या २०१८च्या नियमांनुसार मिश्र पदार्थाला तसं म्हणता येत नाही; सगळे जिन्नस निकषात बसले, तर 'नैसर्गिक जिन्नसांपासून बनवलेली' इतकंच म्हणता येतं. 'इको-फ्रेंडली पाकीट' लिहिताना आधी कागद फाडून बघावा, आत बऱ्याचदा प्लॅस्टिकचा पातळ थर निघतो.

काकू मात्र हे बिनधास्त लिहू शकतात: 'तांदूळ, ज्वारी, हरभरा डाळ, उडीद डाळ, धने, जिरे. रंग किंवा प्रिझर्व्हेटिव्ह घातलेलं नाही. भाजल्याची तारीख पाकिटावर.'