सांध्यात सिमेंट कशाला नको?

"जुन्या दगडी इमारतीच्या सांध्यांतला चुना पावसात झडतो. एकदा पक्कं सिमेंट भरलं की पाणी शिरायचंच बंद, नाही का?"

पाणी तरीही शिरतं. सिमेंट वाळताना आकसतं, कडेला केसाएवढी फट पडते आणि पाऊस तिथून आत जातो. खरा घोळ बाहेर पडताना होतो. चुन्याचा सांधा सच्छिद्र, त्यामुळे ओल त्यातूनच उडून जाते. सिमेंटने ती वाट बुजली की ओल दगडातून निघते आणि सोबतचे क्षार दगडाच्या पृष्ठभागामागे स्फटिक होऊन पापुद्रे सोडवतात. मुंबईच्या जुन्या इमारतींवरचं कोरीवकाम अनेकदा मऊ पोरबंदरी दगडात आहे, तिथे हे लवकर दिसतं: दगड खोल गेलेला, सिमेंटची रेघ पुढे आलेली. लाकडी हातोडीने हलकेच ठोकलं तर सुटलेला भाग पोकळ वाजतो.

दुरुस्तीत सिमेंट छिन्नीने हळूहळू काढतात. ग्राइंडर घसरला तर दगडाची कड गेलीच. सांधा रुंदीच्या निदान दुप्पट खोल मोकळा करून, भिजवून, साधारण एकास तीन चुना-वाळू थराथराने दाबून भरतात. मग ओलं गोणपाट काही दिवस. उन्हात भसकन वाळला तर चुन्याची भुकटी होते. भर पावसाळ्यात तर हे काम काढूच नये.

सिमेंट दगडाला इतकं चिकटलं असेल की काढताना कडा फुटतील, तर ते तसंच ठेवतात. आणि चुना पुन्हा झडणार, हे खरंच. दगडाऐवजी त्यानेच झिजावं, म्हणून तर तो तिथे असतो.