लिंक्डइनवर रिक्रूटरचा पहिला मेसेज आला, पगाराचा उल्लेख नाही: उत्तर पाठवण्याआधी हे वाचा
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडे सीव्ही आणि लिंक्डइन प्रोफाइल करून घेतलेल्या ग्राहकांचा दीड-दोन महिन्यांत हमखास फोन येतो. रिक्रूटरचा मेसेज आलेला असतो, काम आवडण्यासारखं असतं, पण पगाराबद्दल एक अक्षर नसतं. मग विचारतात, "आता काय लिहू?" हा फोन उत्तर पाठवण्याआधी आला तर आमचं काम दहा मिनिटांत होतं. उत्तर पाठवून झाल्यावर आला तर दोन-दोन आठवडे निस्तरत बसावं लागतं, आणि तरीही सगळं निस्तरता येत नाही. म्हणून हे पत्रक.

अडचण जवळपास नेहमी एकाच वाक्याने होते: "इंटरेस्टेड. करंट 14, एक्स्पेक्टेड 18, नोटीस 60 दिवस."

हे उत्तर पाठवणाऱ्याला वाटतं की आपण मुद्द्याचं बोललो, समोरच्याचा वेळ वाचवला. वेळ वाचतोही, पण त्याचा. रिक्रूटर मेसेज करतो तेव्हा त्या जागेचं बजेट बहुतेक वेळा वरून मंजूर झालेलं असतं आणि त्याला ते माहीत असतं. तुम्हाला मात्र काहीच माहीत नसतं. तुमचे दोन आकडे त्याच्या शीटमध्ये किंवा कंपनीच्या भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या नावापुढे बसतात आणि पुढच्या प्रत्येक फेरीत तिथेच राहतात. चार मुलाखती उत्तम झाल्या तरी शेवटी एचआर तीच ओळ उघडते. रिक्रूटरच्या मनात खोट असते असं नाही. तुम्ही 18 मागितलेत, त्याने 18 नोंदवले, इतकंच.

एका ग्राहकाची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगतो. खराडीत नोकरी, ऑटोमेशन टेस्टिंगमध्ये सहा वर्षांचा अनुभव. सीटीसी 14 लाख, त्यात 12.6 लाख फिक्स्ड आणि 1.4 लाख व्हेरिएबल. त्यांनी वर लिहिल्यासारखंच उत्तर पाठवलं. अठराचा आकडा कुठून आला? "तीस टक्के हाइक मागतात ना सगळे." महिन्याभराने ऑफर आली 19 लाखांची. मागितल्यापेक्षा लाखभर जास्त म्हणून घरी आनंद झाला, होकार गेला.

ऑफर लेटर आम्ही पाहिलं ते नंतर. त्या 19 लाखांत फिक्स्ड होते 15.5 लाख, व्हेरिएबल 2.5 लाख आणि जॉइनिंग बोनस 1 लाख, जो एकदाच मिळणार होता आणि वर्षाच्या आत सोडल्यास परत द्यायचा होता. म्हणजे कागदावरची वाढ जवळपास 36 टक्के, पण दरमहा हमखास हातात येणाऱ्या भागातली वाढ 23 टक्के. दोन महिन्यांनी त्याच टीममध्ये, त्याच पदावर, साधारण तेवढ्याच अनुभवाची व्यक्ती 20 लाख फिक्स्डवर आली. कामात या बाई कुठेही कमी नव्हत्या. पहिल्याच दिवशी आपला आकडा सांगून बसल्या, एवढाच फरक.

याच्या उलटही होतं आणि तेही तितकंच महागात पडतं. पगाराचं विचारणं बरं दिसत नाही म्हणून काही जण काहीच विचारत नाहीत. नुसतं "जेडी पाठवा" लिहितात, चार फेऱ्या देतात, त्यासाठी दोन रजा टाकतात, आणि शेवटी कळतं की त्या जागेची कमाल रक्कम त्यांच्या आजच्या पगाराएवढीच आहे.

आम्ही सुचवतो ते उत्तर साधारण असं असतं:

"नमस्कार. मेसेजबद्दल आभार. पेमेंट टीमसाठी ऑटोमेशन फ्रेमवर्क सुरुवातीपासून उभं करायचं आहे हे वाचून रस वाटला. गेली दोन वर्षं मी हेच काम करते आहे. बोलण्याआधी दोन गोष्टी कळल्या तर बरं होईल. या जागेसाठी मंजूर रेंज किती आहे आणि त्यातला फिक्स्ड भाग साधारण किती? आणि नोकरी कंपनीच्या स्वतःच्या पेरोलवर आहे ना? माझा नोटीस पिरियड 60 दिवसांचा आहे. बुधवारी किंवा गुरुवारी संध्याकाळी साडेसहानंतर पंधरा मिनिटं बोलू शकते."

यातलं फ्रेमवर्कचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं आहे आणि लोक नेमकं तेच गाळतात. तुम्ही मेसेज वाचलात आणि तुम्ही या कामाच्या आहात, हे त्यातून दिसतं. ते असलं की पुढचा पगाराचा प्रश्न उद्धट वाटत नाही. नुसतं "पॅकेज किती?" असं विचारलं की त्याच प्रश्नाला उत्तर येत नाही.

रेंज विचारताना "फिक्स्ड" हा शब्द का, ते वरच्या गोष्टीत आलंच. सीटीसीत कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, विम्याचा हप्ता असं बरंच काही धरलेलं असतं, आणि प्रत्येक कंपनी ते आपल्या पद्धतीने धरते. दोन ठिकाणचा 20 लाख सीटीसी सारखा नसतो.

पेरोलचा प्रश्न कन्सल्टन्सीकडून मेसेज आला असेल तर सोडू नका. प्रोफाइलवर कंपनीऐवजी एजन्सीचं नाव आणि मेसेजमध्ये "आमच्या क्लायंटसाठी" असं असेल, तर नोकरी तिसऱ्याच कंपनीच्या पेरोलवर कंत्राटी असू शकते. मग पगाराचं सगळं गणित बदलतं. अशा वेळी क्लायंटचं नावही विचारा आणि "मला विचारल्याशिवाय सीव्ही पुढे पाठवू नका" असं लिहा. एकाच कंपनीकडे दोन एजन्सींमार्फत तुमचा सीव्ही गेला की त्यांच्यात हक्काचा वाद होतो आणि कंपनी कधी कधी तुमचं नावच बाजूला ठेवते.

नोटीस पिरियड मात्र आपणहून सांगा. तो लपवून काही मिळत नाही, आणि तीन महिने थांबायची कंपनीची तयारी नसेल तर ते आजच कळलेलं बरं.

आता रिक्रूटर काय म्हणेल? काही जण सरळ रेंज देतात. ती पटण्यासारखी असेल तर बोला. कमी असेल तर गप्प बसू नका. "या रेंजमध्ये जमणार नाही, 20 लाख फिक्स्डच्या पुढचं काही असेल तर जरूर कळवा" असं लिहा. रिक्रूटरने पैसे देऊन घेतलेल्या इनमेलमधून मेसेज केला असेल, तर 90 दिवसांत आलेल्या कोणत्याही उत्तराने, अगदी नकारानेही, त्याला ते क्रेडिट परत मिळतं. त्यामुळे नकार कळवल्याने कुणी दुखावत नाही.

काही जण म्हणतात, "मार्केटप्रमाणे" किंवा "अनुभवाप्रमाणे". याचा अर्थ बहुतेकदा एवढाच की लिहून द्यायची परवानगी नाही. "लिखित शक्य नसेल तर फोनवर सांगितलंत तरी चालेल" असं कळवा. पुष्कळ जण फोनवर सांगतात.

तिसरा प्रकार सर्वांत जास्त भेटतो: "आधी तुमचा सीटीसी सांगा." इथे लोक घाबरतात. पहिल्यांदा विचारल्यावर नम्रपणे पुन्हा रेंज मागा: "तुमची रेंज कळली तर लगेच हो किंवा नाही सांगते." दुसऱ्यांदा विचारलं तर अपेक्षा सांगा, पण ती आजच्या पगारावर टक्के चढवून काढलेली नको. त्या पदाला, तुमच्या शहरात, तुमच्या अनुभवाला काय मिळतं, हे ॲम्बिशनबॉक्स आणि ग्लासडोअरवर पाहा, त्या क्षेत्रातल्या दोन ओळखीच्यांना विचारा आणि मग एकच फिक्स्ड आकडा ठरवा. त्या साइटवरचे आकडे लोकांनी स्वतः भरलेले असतात, त्यामुळे जुनी वर्षं आणि दुसरी शहरं त्यात मिसळलेली असतात. चाळणी लावून पाहा.

तिसऱ्यांदाही सध्याचाच पगार हवा असेल आणि त्याशिवाय फॉर्म पुढे जात नसेल, तर खरा आकडा द्या, फिक्स्ड आणि व्हेरिएबल वेगळे करून, आणि त्याच ओळीत तुमची अपेक्षाही लिहा. फुगवून सांगू नका. ऑफरच्या वेळी पे-स्लिपा मागतात, कधी फॉर्म 16 आणि बँकेचं स्टेटमेंटही. खोटं तिथे उघडं पडतं आणि ऑफर रद्द होते. आकडा फुगवून द्यायला आम्ही कुणालाच मदत करत नाही, कितीही ओळखीतून आलात तरी.

या पद्धतीला मर्यादा आहेत, त्याही सांगतो. एक-दोन वर्षांचा अनुभव असेल किंवा मोठ्या सर्व्हिस कंपनीत ठरलेल्या ग्रेडवर भरती असेल, तर रिक्रूटरच्या हातात फारसं काही नसतं. रेंज विचारा, पण ताणू नका. भारतात मागचा पगार विचारायला कायद्याने बंदी नाही. बर्लिन किंवा ॲमस्टरडॅमहून मेसेज आलेल्या ग्राहकांनी मात्र लक्षात ठेवावं की युरोपीय संघाच्या 2023 च्या निर्देशानुसार उमेदवाराला वाटाघाटीआधी सुरुवातीचा पगार किंवा रेंज कळायला हवी आणि मागचा पगार विचारता येत नाही. सदस्य देशांना त्यासाठी 7 जून 2026 ची मुदत दिली आहे.

आमच्यावर एक तक्रार नेहमी येते: "तयार मेसेज व्हॉट्सॲपवर पाठवा ना, आम्ही चिकटवतो." तो आम्ही पाठवत नाही आणि त्याला कारण आहे. पूर्वी पाठवायचो. मग एकाच रिक्रूटरला आमच्या दोन ग्राहकांकडून शब्दन् शब्द सारखं उत्तर गेलं आणि त्याने दोघांनाही पुढे विचारलं नाही. वरचा मसुदाही तसाच इंग्रजीत उतरवून चिकटवू नका. फ्रेमवर्कबद्दलचं वाक्य तर तुमच्या कामाचंच हवं, ते आम्ही घरबसल्या लिहू शकत नाही. लिंक्डइन खाली सुचवतं त्या तयार उत्तरांवरही बोट ठेवू नका. "इंटरेस्टेड" एवढंच जातं आणि पुढची चाल रिक्रूटरची होते.

उत्तर एक-दोन दिवसांत गेलं तरी काही बिघडत नाही. तेवढ्या वेळात आम्हाला तीन गोष्टी पाठवा: रिक्रूटरच्या मेसेजचा स्क्रीनशॉट, त्याच्या प्रोफाइलची लिंक आणि तुमच्या शेवटच्या पगारवाढीच्या पत्राचं पगाराच्या तपशिलाचं पान. आमच्याकडून प्रोफाइल करून घेतलेल्यांना पहिल्या सहा महिन्यांत अशी दोन उत्तरं तपासून देण्याचे वेगळे पैसे लागत नाहीत. संध्याकाळी पाचच्या आत आलेलं त्याच दिवशी पाहतो. रिक्रूटर नोंदणी फी किंवा "ट्रेनिंग डिपॉझिट" मागत असेल तर आमच्यासाठीही थांबू नका, तिथेच ब्लॉक करा.