गोठ्याच्या सोलरचा अर्ज परत का येतो?

वीजजोडणी अर्जदाराच्या नावावर हवी, छत किंवा जागा त्याच्या ताब्यात हवी. ओळखपत्र, जागेचा उतारा आणि वीजबिलं जोडली की अर्ज दाखल होतो. अर्ज अनेकदा परत येतो तो भारपत्रकामुळे, म्हणजे कोणतं यंत्र किती वाजता किती वेळ चालतं हे दाखवणाऱ्या कागदामुळे. हा कागद कोणाकडेच तयार नसतो आणि तो कसा भरायचा हे खिडकीवर कोणी नीट सांगतही नाही.

एक गोठा घेऊ. सकाळी ५०० लिटर, संध्याकाळी ५०० लिटर दूध. चिलरच्या पाटीवर ७.५ किलोवॅट दिसतं आणि बहुतेक जण तेच लिहितात. पण तो थंड करण्याच्या क्षमतेचा आकडा असतो. चिलर वीज किती खातो ते त्याच पाटीवर खाली, इथे ३ किलोवॅट. ३५ अंशांचं ५०० लिटर दूध ४ अंशांवर आणायला हा चिलर साधारण सव्वादोन तास चालतो, म्हणजे ७ युनिट. मिल्किंग मशीनचा ३ हॉर्सपॉवरचा व्हॅक्यूम पंप दोन तास चालला की साडेचार युनिट. दोन्ही वेळचे मिळून २३.

आता सगळे विसरतात ते धुण्याचं गरम पाणी. १०० लिटर पाणी २५ वरून ७५ अंशांवर न्यायला जवळपास ६ युनिट लागतात. दोनदा धुतलं तर १२, म्हणजे चिलरच्या तोडीचा खर्च. दिवसाची बेरीज ३५ युनिट. एक किलोवॅट पॅनेल दिवसाला सरासरी ४ युनिट देतं असं धरलं, तर सुमारे ९ किलोवॅट लागतील.

मंजूर भाराचं वेगळं पाहा. चिलर, पंप आणि ३ किलोवॅटचा हीटर एकाच वेळी चालले तर ८.२ किलोवॅट होतात. जोडणी ५ हॉर्सपॉवरची, म्हणजे ३.७ किलोवॅटची असेल, तर आधी भारवाढीचा अर्ज करा. हीटर दुपारी, उन्हात चालवून पाणी झाकलेल्या टाकीत ठेवलं तर हा आकडा ५.२ वर येतो आणि भारवाढही कमी लागते.

दूध निघतं तेव्हा ऊन नसतंच, म्हणून नेट मीटरिंग, म्हणजे दुपारची जास्तीची वीज ग्रिडला देऊन ती नंतरच्या वापरातून वळती करून घेण्याची सोय, आहे का हे आधी विचारा. नसेल तर पॅनेल वाढवून उपयोग नाही. दुपारी बर्फ करून ठेवणारा चिलर बघा. एका वेळच्या दुधाला साधारण १९० किलो बर्फ पुरतो.

आणि कृपया लक्षात ठेवा: बॅटरी नसलेला ऑनग्रिड इन्व्हर्टर लाइट गेली की भर उन्हातही बंद पडतो. जनरेटर विकू नका.