24.45 हा आकडा आला कुठून?

हवेत नायट्रोजन डायऑक्साइड 40 पीपीबी आहे, तर मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर किती? पर्यावरण अभियांत्रिकीच्या पेपरात असं उदाहरण नेहमी येतं. एक विद्यार्थी 22.4 ने भागतो आणि 82.1 लिहितो. शेजारचा 24.45 ने भागतो, त्याचं उत्तर येतं 75.3. भारतात या वायूची 24 तासांची मर्यादा 80 आहे. म्हणजे एकाच्या वहीत शहराने मर्यादा ओलांडली, दुसऱ्याच्या वहीत नाही. सूत्र दोघांनाही पाठ होतं, फरक पडला तो एका आकड्यामुळे. त्या आकड्याचा इतिहास माहीत असला की ही चूक सहसा होत नाही.

सुरुवात 1811 साली होते. समान तापमान आणि समान दाब असेल, तर कोणत्याही वायूच्या समान आकारमानात रेणूंची संख्या सारखीच असते, असं अव्होगाद्रोने मांडलं. रसायनशास्त्रज्ञांनी ते लगेच स्वीकारलं नाही. 1860 मध्ये कार्ल्सरूहच्या परिषदेत कॅनिझारोने ते पुन्हा ठामपणे पुढे आणलं, तेव्हा कुठे त्याला वजन आलं. वायूंच्या बाबतीत पीपीएमचा सगळा अर्थ या एका विधानावर उभा आहे. हवेच्या दशलक्ष रेणूंमागे प्रदूषकाचे किती रेणू, हे पीपीएम सांगतं; अब्ज रेणूंमागे किती, हे पीपीबी. रेणू आणि आकारमान एकाच प्रमाणात असल्यामुळे 'दशलक्ष लिटर हवेत किती लिटर वायू' असंही म्हणता येतं. पाण्याच्या उदाहरणांत 1 पीपीएम म्हणजे 1 मिलिग्रॅम प्रति लिटर हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. तिथे ते चालतं, कारण तिथलं पीपीएम वजनावर मोजलेलं असतं आणि एक लिटर पाणी सुमारे एक किलो भरतं. हवेत मात्र पीपीएम रेणूंची मोजणी आहे आणि मायक्रोग्रॅम वजन आहे. मोजणीतून वजन काढायचं तर दोन गोष्टी लागतात: एका मोलचं वजन, आणि एक मोल वायू व्यापतो ते आकारमान.

```
µg/m³ = ppb × M / Vm
ppb   = µg/m³ × Vm / M
```

M म्हणजे रेणुवस्तुमान, Vm म्हणजे एका मोलचं आकारमान लिटरमध्ये. M कुठेही बदलत नाही. Vm बदलतं, कारण वायू तापला की पसरतो. 0 अंश सेल्सियस आणि 1 वातावरण दाबाला ते 22.4 लिटर असतं, 20 अंशांना सुमारे 24.05 आणि 25 अंशांना 24.45. शाळेत आपल्याला भेटतो तो पहिला आकडा, बर्फ वितळण्याच्या तापमानाचा. त्यात 1982 साली आययूपीएसी या आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघटनेने एसटीपीचा, म्हणजे प्रमाण तापमान आणि दाबाच्या स्थितीचा, दाब 1 वातावरणावरून 1 बारवर आणला, तेव्हापासून त्यांच्या एसटीपीला 22.7 लिटर धरतात. त्यामुळे उदाहरणात नुसतं 'एसटीपी' लिहिलेलं असेल तर ते पुरेसं नाही. तापमान आणि दाब आकड्यांत दिलेले हवेत.

मग दोन एककं जन्मली कशासाठी? मला वाटतं, याचं उत्तर मोजण्याच्या पद्धतींत आहे. सल्फर डायऑक्साइडची वेस्ट-गेके पद्धत 1956 ची. तिच्यात हवा एका द्रावणातून बुडबुड्यांनी सोडतात, वायू द्रावणात अडकतो, मग रंग आणून त्याची तीव्रता मोजतात. हाती येतात ते सल्फर डायऑक्साइडचे मायक्रोग्रॅम. त्यांना ओढलेल्या हवेच्या घनमीटरने भागलं की उत्तर तयार. या पद्धतीत पीपीएम वाटेत कुठे येतच नाही. स्वयंचलित यंत्रांचं तसं नाही. नायट्रोजन ऑक्साइडचं यंत्र ओझोनशी होणाऱ्या प्रक्रियेतून निघणारा प्रकाश मोजतं आणि ते जुळवतात सिलिंडरमधल्या वायूवर, ज्याच्या लेबलवर प्रमाण पीपीएममध्ये असतं. म्हणून त्याच्या पडद्यावर पीपीबी दिसतं. धुळीला तर रेणुवस्तुमानच नाही, ती फक्त वजनातच सांगता येते. धूळ आणि वायू एकाच तक्त्यात बसवायचे, तर मायक्रोग्रॅम सोयीचा ठरतो.

अमेरिकेने 1971 मध्ये राष्ट्रीय मानकं ठरवली, तेव्हा दोन्ही एककं शेजारी छापली: सल्फर डायऑक्साइड 24 तासांसाठी 365 मायक्रोग्रॅम, कंसात 0.14 पीपीएम, कार्बन मोनॉक्साइड एका तासासाठी 40 मिलिग्रॅम, कंसात 35 पीपीएम. या जोड्यांवरूनच त्यांचं तापमान ओळखता येतं. कार्बन मोनॉक्साइडचं M 28. 40 ला 24.45 ने गुणून 28 ने भागा, 34.9 येतं, म्हणजे 35. 24.05 घेतलं तर 34.4 आणि 22.4 घेतलं तर 32. म्हणजे तक्ता 25 अंशांवर बांधलेला आहे. सल्फर डायऑक्साइडच्या जोडीवरून एवढं कळत नाही: 25 अंशांना 0.139 येतं, 20 अंशांना 0.137, आणि दोन्ही 0.14 लाच पोचतात. युरोपने आपल्या नियमांत वायूंसाठी 20 अंश धरले. त्यामुळे तिथे नायट्रोजन डायऑक्साइडचा 1 पीपीबी म्हणजे 1.91 मायक्रोग्रॅम, तर 25 अंशांना 1.88. युरोपीय पुस्तकातलं उदाहरण अमेरिकी सूत्राने सोडवलं की उत्तर दीड-दोन टक्क्यांनी हुकतं. फरक नऊ टक्क्यांच्या आसपास असेल, तर कुठेतरी 22.4 घुसलंय हे नक्की समजा.

भारतात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 1994 च्या मानकांत 'नायट्रोजनचे ऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड म्हणून' असा उल्लेख होता. 'म्हणून' हा शब्द गणिताला महत्त्वाचा आहे. मिश्रणात नायट्रिक ऑक्साइड असला तरी M 30 नव्हे, 46 च घ्यायचं. 2009 च्या अधिसूचनेत थेट नायट्रोजन डायऑक्साइड आलं. वायूंच्या मर्यादा मात्र मायक्रोग्रॅममध्येच राहिल्या, कार्बन मोनॉक्साइडपुरत्या मिलिग्रॅममध्ये. यंत्र पीपीबी दाखवतं आणि कायदा मायक्रोग्रॅम मागतो, म्हणून रूपांतर रोजचंच झालं.

आता तेच 40 पीपीबी पुण्यात नेऊ. शहर समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच. उन्हाळ्यातली दुपार, तापमान 35 अंश आणि दाब 945 हेक्टोपास्कल धरू. केल्विनमध्ये 308.15 भागिले 298.15 म्हणजे 1.034, आणि दाबांचं गुणोत्तर 1013.25 भागिले 945 म्हणजे 1.072. 24.45 ला या दोन्हींनी गुणलं की एका मोलचं आकारमान 27.1 लिटर होतं. 40 गुणिले 46 भागिले 27.1 म्हणजे 67.9 मायक्रोग्रॅम. यंत्रावरचं 40 तसंच आहे, कारण हवा विरळ झाली तेव्हा प्रदूषकही तिच्याबरोबर त्याच प्रमाणात विरळ झालं. त्या दुपारी एका घनमीटरात खरोखर आहेत ते 67.9. 25 अंश आणि 1 वातावरण या संदर्भस्थितीला आणलेला आकडा 75.3. मानकाशी तुलना करायची तर 75.3 घ्यावा, कारण संदर्भस्थितीला आणलेल्या आकड्यातच दापोलीची हवा आणि महाबळेश्वरची हवा एकाच मापाने मोजली जाते. उदाहरणात 'प्रत्यक्ष तापमान व दाबाला' असं विचारलं असेल, तर उत्तर 67.9.