अनशापोटीची शुगर पुरते का? साठीनंतरच्या तपासणीची पार्श्वभूमी

आमच्या जळगावच्या कॉलनीत निवृत्त मंडळींसमोर फॅमिली डॉक्टरांनी नुकतंच छोटंसं भाषण केलं. भाषण दहा मिनिटांचं, पण त्यातल्या एका वाक्यावर नंतर चहापेक्षा जास्त वेळ गेला. डॉक्टर म्हणाले, "आप्पा, फास्टिंग चांगली आली म्हणून रिपोर्ट घडी करून कपाटात टाकू नका. साठीनंतर एकदा ग्लुकोज पिऊन दोन तासांची शुगरही बघा." त्यावर मागच्या रांगेतून लगेच प्रश्न आला, की मग इतकी वर्षं फक्त अनशापोटीच का बोलावत होता? प्रश्न रास्त होता. उत्तर मात्र पंचवीस-तीस वर्षं मागे जातं आणि त्याची सुरुवात जळगावात झालेली नाही. मी आयुष्यभर लॅबमध्ये काम केलं, त्यामुळे ही पार्श्वभूमी तिथूनच सांगतो.

लघवी तपासायचा जमाना बहुतेकांना आठवत असेल. निळं बेनेडिक्ट द्रावण परीक्षानळीत घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. रंग निळाच राहिला तर साखर नाही, हिरवा-पिवळा झाला तर थोडी, विटकरी झाला तर भरपूर. साठीच्या माणसासाठी ही तपासणी जवळजवळ कुचकामी होती. रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेली की मूत्रपिंडं ती लघवीत सोडू लागतात, पण वय वाढतं तशी ही मर्यादा वर सरकते. सत्तरीच्या माणसाची शुगर २००च्या पुढे असली तरी नळी निळीच दिसू शकते. लघवीत साखर उतरत नाही म्हणून लघवीला वारंवार जावं लागत नाही. त्यात म्हातारपणी तहानही कमी जाणवते. वारंवार लघवी आणि सारखी तहान ही पुस्तकातली दोन मोठी लक्षणं अशी ऐन गरजेच्या वयात गप्प बसतात. "माले काही तरास नही" असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याला खरंच त्रास नसतो.

पुढे रक्ततपासणी आली, रसायनं बदलली, आकडे भरवशाचे झाले. मग खरा वाद उभा राहिला तो रेघ कुठे ओढायची यावर. १९७९-८०च्या सुमाराला जगभर एक रेघ मान्य झाली. अनशापोटी १४० किंवा त्याहून जास्त, नाहीतर ७५ ग्रॅम ग्लुकोज प्याल्यावर दोन तासांनी २०० किंवा त्याहून जास्त, म्हणजे मधुमेह. दिसायला सुटसुटीत असलेल्या या रेघेत एक घोळ होता. दोन तासांची २००च्या वर गेलेल्या कितीतरी लोकांची अनशापोटीची १४०च्या बरीच खाली असायची. दोन्ही कसोट्या एकाच रोगाच्या, पण एक कडक आणि दुसरी ढिली.

१९९७ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या समितीने यावर तोडगा काढला. डोळ्याच्या पडद्यावर मधुमेहाच्या खुणा कोणत्या आकड्यापासून वाढू लागतात हे पाहून अनशापोटीची रेघ १४०वरून १२६वर आणली. इथपर्यंत फार तक्रार नव्हती. "एका रात्रीत लाखो नवे पेशंट तयार केले" असं काहींनी म्हटलं खरं, पण डोळ्यांचा पुरावा त्यांच्या बाजूने नव्हता. खरी अडचण त्याच अहवालातल्या दुसऱ्या शिफारशीत होती. रोजच्या व्यवहारात अनशापोटीची तपासणीच पुरे, ग्लुकोज पाजून दोन तास बसवायची गरज नाही, असं त्यांनी म्हटलं. कारणं व्यवहाराची होती. ती तपासणी वेळखाऊ आहे, गोड पाण्याने काहींना मळमळतं, आणि आज एक आकडा आला तर आठवड्याने वेगळा येऊ शकतो. जागतिक पातळीवरच्या गटाने १२६चा आकडा उचलला, पण दोन तासांची तपासणी सोडली नाही. आपल्याकडच्या दवाखान्यांत आणि शिबिरांत मात्र सोयीची वाट जास्त रुजली, कारण सकाळी सात वाजता रांग लावून नऊ वाजता मोकळं होता येतं.

या सोयीची किंमत वयस्कर माणसांनी मोजली, असं माझं स्पष्ट मत आहे. वय वाढताना अनशापोटीची शुगर दर दहा वर्षांमागे जेमतेम एक-दोन आकड्यांनी वाढते. जेवणानंतरची त्याहून कितीतरी जास्त वाढते. जेवल्यावर इन्सुलिनची पहिली उसळी उशिरा आणि कमी येते, आणि साखर ओढून घेणारे स्नायूही म्हातारपणी आटतात. रात्रभराच्या उपाशीपणात मात्र यकृत आणि उरलंसुरलं इन्सुलिन मिळून हिशेब जुळवून नेतात, म्हणून सकाळचा आकडा शहाण्यासारखा येतो. १९९९मध्ये युरोपातल्या बऱ्याच अभ्यासांची माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा हेच दिसलं. अनशापोटीच्या रेघेने सापडणारे आणि दोन तासांच्या रेघेने सापडणारे लोक पुष्कळ वेळा वेगळेच होते. नुसत्या अनशापोटीच्या तपासणीत निसटणाऱ्यांत वयस्कर आणि सडपातळ माणसं जास्त होती. शिवाय पुढच्या मृत्यूंचा अंदाज दोन तासांच्या आकड्याने जास्त चांगला येत होता.

२००३ साली अमेरिकेच्या तज्ज्ञांनी 'प्री-डायबेटिस'ची खालची हद्द ११०वरून १००वर आणली. जागतिक गट ११०वरच राहिला. म्हणून आजही १०४ शुगर एका लॅबच्या कागदावर ठळक अक्षरांत येते आणि दुसऱ्या लॅबच्या कागदावर नॉर्मल म्हणून. कॉलनीत यावरून भांडणं झाली आहेत. दोन्ही लॅब आपापल्या जागी बरोबर असतात.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. चोपड्याकडचे, एसटीतून निवृत्त झालेले, वय ६८, अंगाने किरकोळ. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी शुगर पाहिली तर अनशापोटी ११२. "फिट आहे" म्हणून कागद पुढे सरकला. डॉक्टरांना पायांची रात्रीची जळजळ खटकली, म्हणून त्यांनी ग्लुकोजची तपासणी सांगितली. तीन दिवस नेहमीसारखं पोटभर जेवण, आदल्या रात्री आठनंतर फक्त पाणी, सकाळी पहिलं रक्त, मग ग्लासभर पाण्यातलं ७५ ग्रॅम ग्लुकोज पाच मिनिटांत संपवायचं. पहिल्या घोटापासून दोन तास मोजायचे, आणि त्या वेळात फिरायला जायचं नाही, बिडी-तंबाखू घ्यायची नाही. दोन तासांनी आकडा आला २२६. तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीए१सी, फक्त ६.३. म्हणजे दोन तपासण्या नापासचा शेरा देत नव्हत्या आणि एक ठणकावून देत होती. ठळक लक्षणं नसताना एकाच रिपोर्टवर निदान करायचं नसतं. अशा वेळी जी तपासणी रेघेपार गेली तीच पुन्हा करायची. दहा दिवसांनी पुन्हा केली तर २१४ आली. निदान पक्कं झालं. मग डोळ्याचा पडदा पाहिला, लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन तपासलं, पायांची संवेदना पाहिली, आणि त्यानंतर मेटफॉर्मिनची लहान गोळी सुरू झाली.

लोक म्हणतात, जेवणानंतरची तर आम्ही देतोच की. पण घरी जेवून दिलेलं रक्त आणि ७५ ग्रॅम ग्लुकोजनंतरचं रक्त यांची तुलना होत नाही. कळण्याची भाकरी आणि भरीत खाऊन आलेल्याचा आकडा वेगळा येणार, आणि आखाजीला आमरस-पुरणपोळी खाऊन आलेल्याचा वेगळा. औषध लागू पडतंय का हे बघायला जेवणानंतरची चालते. निदानाची २००ची रेघ मात्र ग्लुकोजसाठी आखलेली आहे.

लॅबमध्येही गोंधळ होतो. रक्त राखाडी टोपणाच्या, फ्लोराइडच्या बल्बमध्ये घ्यायचं असतं. साध्या बल्बमध्ये पडून राहिलं तर रक्तपेशी साखर खात राहतात आणि तासाला पाच-सात टक्के आकडा खाली येतो. उन्हाळ्यात त्याहून लवकर. मे महिन्यातल्या जळगावात खेड्यावरच्या शिबिरातून दुपारी बाराला आलेल्या साध्या बल्बचा '११८' किती खरा धरायचा, हे लॅबवाल्याला विचारावं. नमुना कोणत्या बल्बमध्ये आणि किती वाजता घेतला, हे दोन प्रश्न पेशंटनेही विचारायला हरकत नाही.

उन्हाळ्याचा आणखी एक संबंध आहे. तपासणीच न झालेला म्हातारा माणूस, पारा ४५वर, त्यात जुलाब किंवा ताप. तहान कमी, पाणी कमी, शुगर ६००च्या वर. असा माणूस गुंगीत दवाखान्यात येतो आणि घरच्यांना वाटतं ऊन लागलं. बोटाला टोचून ग्लुकोमीटर लावला की मिनिटात कळतं, पण लावायचं सुचलं पाहिजे.

२००८नंतर विचार आणखी बदलला. एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात शुगर फार कडकपणे खाली आणलेल्या गटात मृत्यू जास्त झाले, म्हणून तो भाग मुदतीआधी थांबवावा लागला. तेव्हापासून वयस्करांसाठी उद्दिष्ट सैल झालं. धडधाकट माणसाला एचबीए१सी सातच्या आसपास, आणि अनेक आजार असलेल्या थकलेल्या माणसाला आठच्या आसपास चालते. ग्लिबेनक्लामाइडसारखी जुनी गोळी म्हाताऱ्यांना शक्यतो टाळतात, कारण जेवण चुकलं की शुगर एकदम घसरते. साठीला तपासून घेतलं की लगेच इंजेक्शन मागे लागतं, ही भीती याच जुन्या कडक दिवसांतली आहे. लवकर सापडलेल्याला पुष्कळदा एका गोळीवर भागतं.

आपल्याकडे सरकारी कार्यक्रम २०१०पासून आहे. आरोग्य केंद्रात तिशीपुढच्यांची बोटावरची शुगर बघतात, आणि ती जास्त आली तर पुढे पाठवतात. चाळणी म्हणून ते ठीक आहे, निदान म्हणून नाही. २०१०-११पासून एचबीए१सी ६.५ हीही निदानाची रेघ झाली. उपाशी राहायची कटकट नाही, म्हणून ती झपाट्याने पसरली. खानदेशात तिला एक मोठी अडचण आहे. नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा आणि सातपुड्याच्या पट्ट्यात भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाच्या लाल पेशी लवकर मरतात, त्यांच्यावर साखर साचायला वेळच मिळत नाही, आणि आकडा खोटाच कमी येतो. सिकलचा नुसता वाहक असला तरी काही यंत्रं चुकतात. उलट लोहाच्या कमतरतेने रक्त कमी झालेल्या बाईचा आकडा खोटा वाढतो. म्हणून या भागातल्या माणसाची तीन महिन्यांची शुगर वाचण्याआधी हिमोग्लोबिन आणि सिकलची चाचणी पाहावी. शंका राहिलीच तर फ्लोराइडच्या बल्बमधली अनशापोटीची आणि ग्लुकोजनंतर दोन तासांची, अशी जोडीच करावी लागते.